टाळी नेमकी कशाची? पहिलीच्या वर्गात वाद्यांविना ठोका आणि लय

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं आहे. शाळा आणि मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत. पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता, पट २७. मी संगीत शिकलेली नाही. माहेरी दर गुरुवारी भजन असायचं, तेवढाच काय तो संबंध. शेजारच्या खोलीत दुसरी भरते आणि मधली भिंत छताला टेकत नाही, त्यामुळे आमच्याकडचं खोकणंही तिकडे ऐकू जातं. हे आधीच सांगते, कारण पुढे त्यामुळे काही निर्णय बदलले.

शाळेत वाद्यं नव्हती असंच म्हणावं लागेल. एक ढोलकी होती, तिचं एका बाजूचं कातडं फाटलेलं. लेझीम कपाटात होत्या, पण सहा वर्षांच्या हातात लेझीम दिली की ती वाजवण्यापेक्षा सावरण्यातच मूल गुंततं. म्हणून जुलैच्या सुरुवातीला ठरवलं की कलेच्या तासिकेतली पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, नुसत्या हातांवर काम करायचं. उद्देश दोनच ठेवले. एक, मुलांना ठोका धरता यावा, म्हणजे सारख्या अंतराने पडणारी मात्रा न चुकता चालू ठेवता यावी. दुसरा, सांगितलं की तो ठोका सावकाश किंवा भरभर करता यावा आणि केलेल्या लयीत टिकून राहता यावं. गाणं शिकवायचं नव्हतं, सूर तर नाहीच.

त्यासाठी मी चार ओळी जुळवल्या. कविता म्हणून त्यांना फार किंमत नाही, पण पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतं, म्हणून इथे देते:

आई गेली शेताला
भाकर नेली खायला
वाटेत आला कावळा
म्हणतो, तुकडा दे मला

प्रत्येक ओळीत चार ठोके. पहिल्या ओळीत ते आ, गे, शे आणि ला यांवर पडतात. दुसरीत भा, ने, खा आणि ला यांवर. पूर्ण फेरीत सोळा ठोके होतात. दोन ओळी मिळून आठ मात्रा, म्हणजे केरव्याचं किंवा भजनी ठेक्याचं एक आवर्तन. हे मुलांना सांगायची गरज नव्हती, पण उद्या गावातल्या भजनात ही मुलं टाळ घेऊन बसली तर तिथेही आठच मात्रा मोजाव्या लागतील, असा एक विचार मनात होता.

अडचण

पहिल्या दिवशी मुलांना गोल बसवलं आणि टाळी वाजवत दोनदा म्हणून दाखवलं. मग त्यांना म्हणायला सांगितलं, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. चार टाळ्या कुठेच ऐकू येईनात. तिसऱ्या फेरीपर्यंत तर वर्ग पळतच सुटला. मी म्हटलं, "हळू, हळू म्हणा." मुलांनी आवाज खाली आणला आणि पळणं तसंच चालू ठेवलं. मी पुन्हा म्हटलं, "अजून हळू." आता सगळे कुजबुजायला लागले, खांदे आत ओढून, डोळे मोठे करून. पुढे बसलेली एक मुलगी श्वासातल्या श्वासात विचारते, "बाई, एवढं हळू चालंल?"

तेव्हा मला हसू आलं. चूक मुलांची नव्हती हे घरी गेल्यावर लक्षात आलं. आपण "हळू बोल" म्हणतो तेव्हा आवाज कमी करायला सांगत असतो आणि "हळू चाल" म्हणतो तेव्हा वेग. "जोरात"चंही तेच. जोरात ओरड, जोरात पळ. मोठ्या माणसाला संदर्भावरून कळतं. सहा वर्षांच्या मुलाला टाळीच्या बाबतीत संदर्भच नसतो, कारण टाळी मोठीही होऊ शकते आणि जलदही. मी वेग शिकवायला निघाले होते आणि माझ्याच तोंडी वेगासाठी स्वतंत्र शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोबाईल खिडकीत ठेवून चार फेऱ्या रेकॉर्ड केल्या. मी सुरुवात करून दिली होती त्या लयीत एका फेरीला १० सेकंद लागतात, म्हणजे चार फेऱ्यांना ४० लागायला हवे होते. मुलांनी त्या ३१ सेकंदांत संपवल्या. शेवटची फेरी तर सहाच्या घरात.

मुलं उत्साहात पळतात, हे उत्तर तयारच होतं आणि एरवी मी तिथेच थांबले असते. पण रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकताना जाणवलं की ती सगळीकडे पळत नाहीत. ओळ चालू असताना वेग बऱ्यापैकी सारखा असतो. उडी पडते ती "शेताला" आणि "भाकर" यांच्या मध्ये. मी कागदावर ओळ फोडून बघितली. आ-ई-गे-ली-शे-ता-ला, असे उच्चाराचे सात तुकडे. चार ठोक्यांत अर्धा-अर्धा ठोका धरला तर आठ तुकडे मावतात. आठवा तुकडा रिकामा आहे. "ला" म्हटल्यावर अर्धा ठोका गप्प राहायचं आणि मग पुढची ओळ. बाकीच्या तीन ओळीही अशाच सात तुकड्यांच्या आहेत: भा-कर-ने-ली-खा-य-ला, वा-टेत-आ-ला-का-व-ळा, म्हण-तो-तुक-डा-दे-म-ला. मुलांना ती गप्प जागा दिसतच नव्हती. "ला" झालं की लगेच "भाकर".

हिशोब करून पाहिला. प्रत्येक ओळीत आठातला एक तुकडा गिळला तर ४० सेकंदांचे ३५ होतात. म्हणजे गेलेल्या नऊ सेकंदांपैकी पाच नुसत्या गिळलेल्या जागांचे होते. खरं पळणं उरलेल्या चार सेकंदांचं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचा उपायही वेगळा. कानाने ओळखायची खूण सोपी आहे. ओळीच्या शेवटी हिसका बसला तर जागा गिळली जातेय. हिसका न बसता फेरीगणिक वेग चढत गेला तर मुलं पळताहेत.

पण गारांचा उलगडा अजून झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी एकेकाला उभं करून दुसरी ओळ म्हणायला लावली. वाचनात सगळ्यांत पुढे असलेला मुलगा उभा राहिला आणि त्याने छान स्पष्ट टाळ्या दिल्या: भा, क, र. ने, ली. खा, य, ला. आठ टाळ्या. मी म्हटलं, "असं का रे?" तो म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंय."

खरंच मीच शिकवलं होतं. जूनपासून भाषेच्या तासाला आम्ही अक्षरं टाळीने मोजत होतो. कमळ, क-म-ळ, तीन टाळ्या. पहिलीच्या बहुतेक वर्गांत हे करतात आणि त्याचा उपयोगही होतो. मुलांच्या लेखी टाळी म्हणजे अक्षर, हा करार पक्का झाला होता आणि आता त्याच टाळीला मी न सांगता दुसरा अर्थ लावला होता. अक्षरं मोजत गेलं तर या चार ओळींत सात, आठ, आठ आणि नऊ टाळ्या पडतात. "म्हणतो तुकडा दे मला"ला नऊ आणि "आई गेली शेताला"ला सात, मग ओळीची लांबी जुळणार कशी? गंमत म्हणजे ज्यांना अजून अक्षरओळख नीट झाली नव्हती ती मुलं "भाकर"ला बोलण्यातल्यासारखे भा-कर असे दोनच तुकडे पाडत होती आणि ठोक्याच्या जास्त जवळ होती. हा माझ्या एका वर्गाचा अनुभव आहे, त्यावरून नियम काढू नये.

कोणते पर्याय समोर होते

मोबाईलवर ठोक्याचं ॲप लावून पाहिलं. एका तासातच सोडलं. सत्तावीस जोडी हातांच्या आवाजात मोबाईलची टिकटिक मलाच ऐकू येईना. शिवाय या वयाच्या मुलांना समोर हात हलवणाऱ्या माणसाबरोबर ठोका धरणं यंत्राच्या नुसत्या टिकटिकीपेक्षा सोपं जातं. माणसाचा हात उठलेला दिसतो, तो कधी पडणार याचा अंदाज येतो. टिकटिक वाजल्यावरच कळते, तोवर उशीर झालेला असतो.

डस्टरने टेबल ठोकत राहायचं, हा दुसरा पर्याय. तो चाललाही. मी ठोकत होते तोवर वर्ग एकत्र होता, थांबले की पुन्हा गारा. ठोका माझ्या डस्टरमध्ये होता, मुलांमध्ये आलाच नव्हता. त्यात दुसरीचे सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, माझी पोरं पाढे सोडून तुमचा कावळा म्हणायला लागलीत." तेव्हा डस्टर खाली ठेवला.

तिसरा पर्याय असा की अशा ओळी घ्यायच्या ज्यात एका अक्षरावर एकच ठोका पडेल. म्हणजे अक्षर आणि ठोका यांत भांडणच नाही. एका अनुभवी सहकारी बाईंनी हेच सुचवलं होतं आणि सुरुवातीचे दोन-चार दिवस ते करायला हरकत नाही असं मला आजही वाटतं. पण त्यातून गोंधळ झाकला जातो, सुटत नाही. पहिली खरी कविता समोर आली की तो पुन्हा डोकं वर काढणार.

निर्णय झाला तो वर्गाबाहेर. आषाढीला शाळेची बालदिंडी निघाली. गल्लीतून देवळापर्यंत ज्ञानोबा-तुकाराम म्हणत, एका पालकांच्या हातात टाळ, मुलं पावली घालत. माझ्या वर्गातला एक मुलगा टाळीच्या तासाला हटकून मागे पडायचा. तो पुढे-मागे पाय टाकत इतका बिनचूक चालला होता की मी दहा मिनिटं त्याच्याच मागे चालत राहिले. एक शब्दही तो अक्षरात तोडत नव्हता. ठोका त्याच्या पायात होता आणि शब्द त्यावरून वाहत होते. तिथे ठरवलं की दोन आठवडे टाळी पूर्ण बंद. ठोका आधी पायांत आणि मांड्यांवर आणायचा, टाळी मागाहून.

प्रत्यक्ष काय केलं

लय ठरवण्यापासून सुरुवात केली. मी आधी फेरीला १० सेकंद धरले होते, कारण ते मला निवांत वाटत होतं आणि सावकाश म्हणजे सोपं अशी माझी समजूत होती. मुलांच्या बाबतीत ती उलटी निघाली. लहान मुलांची आपसूक पडणारी टाळी मोठ्यांपेक्षा जलद असते आणि वय वाढेल तशी ती संथ होत जाते. आमचा वर्ग पळून पळून शेवटी पोचला होता तो त्याच्या स्वतःच्या वेगाला. म्हणून या खेपेला फेरी ८ सेकंदांची धरली. हे घड्याळावर मोजणं सोपं आहे. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या एका टिकला दोन पावलं. सुरू करायच्या आधी मी घड्याळाखाली उभी राहून दहा-बारा पावलं जागच्या जागी टाकायचे आणि ती लय पायात धरून मुलांकडे यायचे.

पहिला आठवडा नुसतं जागच्या जागी चालणं आणि ओळी म्हणणं. चालताना हात मोकळे सोडायचे, कारण हात मोकळे नसले की ते अक्षरं मोजायला धावतात. दुसऱ्या आठवड्यात मांडी घालून बसायचं आणि दोन्ही तळवे मांड्यांवर. याचा आवाज टाळीच्या निम्माही होत नाही, दुसरीच्या सरांनाही बरं वाटलं.

गिळलेल्या जागेसाठी एक साधी युक्ती केली. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो तसा ओळ संपली की रिकाम्या जागी "हं" म्हणायचं. आई गेली शेताला, हं. भाकर नेली खायला, हं. गप्प राहा असं सांगून जी जागा राहत नव्हती ती काहीतरी म्हणायला दिल्यावर लगेच राहिली. पहिले दोन दिवस "हं" इतका दणकून आला की ठोकाच तिथे अडखळायला लागला. मग "हं" नाकातल्या नाकात, नंतर नुसता श्वास. श्वासावर आल्यावर मी पुन्हा रेकॉर्ड केलं. ओळीच्या टोकाचे हिसके जवळपास गेले होते.

शब्दांचं पथ्य मी स्वतःला घालून घेतलं. या तासाला "हळू" आणि "जोरात" हे दोन शब्द बंद. वेगासाठी सावकाश आणि भरभर, आवाजासाठी बारीक आणि मोठा. त्यांना जोड म्हणून प्राण्यांची चाल दिली आणि तिथे पुन्हा फसले. सावकाश चालीसाठी हत्ती निवडला. मुलांनी सावकाश चालता चालता मांड्या लाल होईपर्यंत बडवल्या, कारण हत्ती जडही असतो. भरभर चालीसाठी घोडा घेतला तर तोही दणदणीत. म्हणजे दोन्हीकडे आवाज मोठाच आणि वेग-आवाजाची गाठ सुटलीच नाही. मग आणखी दोन प्राणी घेतले. कासव सावकाश आणि बारीक, मुंगी भरभर आणि बारीक. चारही चाली आलटूनपालटून सांगायला लागल्यावर मुलांना आपोआप कळलं की वेग एक आणि आवाज दुसरा. सर्वांत उशिरा जमली ती मुंगी. बारीक आवाजात भरभर वाजवणं मोठ्या माणसांनीही करून बघावं.

तिसऱ्या आठवड्यात टाळी परत आणली, पण तिचे दोन प्रकार ठरवून. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर, ही अक्षराची टाळी. पूर्ण तळव्यांची टाळी ठोक्याची. भाषेच्या तासालाही त्याच दिवसापासून दोन बोटांची टाळी सुरू केली. हे न करता नुसतं कलेच्या तासाला नियम बदलला असता तर काही उपयोग नव्हता, कारण भाषेचा तास रोज असतो आणि हा आठवड्यातून तीनदा.

मग सावकाश लय. ८ सेकंदांची फेरी मुलांच्या अंगवळणी पडली होती, ती १० वर आणायची होती. दोन टाळ्यांमधला रिकामा वेळ हेच इथलं संकट असतं. हात करतील काय? ते थांबतात, आणि थांबलेला हात पुन्हा कधी निघायचं हे विसरतो. म्हणून हात थांबूच द्यायचे नाहीत असं ठरवलं. टाळी झाली की दोन्ही हात बाहेरून गोल फिरून परत यायचे. सावकाश लयीत हा गोल भाकरीएवढा, भरभर लयीत पुरीएवढा. हात फिरण्याचा वेग साधारण तोच राहतो, अंतर वाढलं की वेळ वाढतो. "भाकरी करा" म्हटलं की वर्ग ८ वरून १० वर यायचा, आणि मला घड्याळ बघायची गरज फारशी उरली नाही. कुणाची भाकरी तिसऱ्या ओळीत लहान व्हायला लागली की ते मूल आता पळणार हे टाळी ऐकू येण्याआधी डोळ्यांना दिसायचं. एवढी एक गोष्ट या प्रकरणातून कुणी उचलावी असं मला वाटतं.

दिंडीतला तो मुलगा मात्र टाळी आल्यावर पुन्हा मागे पडला. त्याच्या शेजारी बसून पाहिलं. तो टाळी चुकत नव्हता, शेजाऱ्याच्या हाताकडे बघून ती उचलत होता. शेजाऱ्याची टाळी दिसली की मग त्याची. ठोक्यावर टाळी पडायची तर हात ठोक्याच्या आधी निघाला पाहिजे, आणि बघून करणारा नेहमी नंतरच निघतो. वर्गात असे चार-पाच जण असले की प्रत्येक टाळीच्या मागे एक चुरचुर शेपूट ऐकू येतं. मी आधी त्याला डोळे मिटायला सांगितलं, ते चुकलं. तो घाबरून थांबलाच. मग जोडीच्या टाळ्या घेतल्या: एक टाळी स्वतःची, एक समोरच्याच्या तळव्यावर. समोरच्याचा तळवा हवेत असताना तिथे पोचावंच लागतं, बघून मागाहून जाता येत नाही. दोन तासिकांत त्याचं शेपूट गेलं.

शेवटचे दोन आठवडे वर्गाचे दोन गट केले. एक गट मांडीवर ठोका धरतो, दुसरा दोन बोटांनी अक्षरं वाजवतो, ओळी सगळे म्हणतात. मग अदलाबदल. इथे "भाकर"ची अक्षरं तीन पण त्यांना जागा एकाच ठोक्याची, हे मुलांच्या कानावर पडलं. "क-र पटकन म्हणावं लागतंय," असं एकीने स्वतःहून सांगितलं. एकाच मुलाने मांडीवर ठोका धरून तोंडाने अक्षरं सुटी करणं मात्र पाच-सहा जणांनाच जमलं. ते मी सोडून दिलं.

निष्पत्ती

ठोका मुलांच्या आत गेला की नाही हे पाहायला मी एक चाचणी ठेवली होती: तिसरी ओळ मनात म्हणायची. हात मांडीवर चालू, तोंड बंद, आणि चौथी ओळ पुन्हा मोठ्याने. सुरुवातीला हे करून पाहिलं होतं तेव्हा "म्हणतो" वर्गाच्या दहा कोपऱ्यांतून दहा वेळा आलं होतं. ऑगस्टअखेरीस पुन्हा घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे माझ्या हातांचा आधार नको. कावळ्याच्या ओळीत वर्ग गप्प झाला, फक्त मांड्यांवरचे तळवे, आणि मग सगळ्यांचं "म्हणतो" एकदम आलं. त्यानंतर हातही थांबवून घेतलं. तेव्हा दोन-तीन आवाज आधी आले, पण बाकीचे एकत्र होते.

रेकॉर्डिंगमध्ये चार फेऱ्यांना आता ३८-३९ सेकंद लागत होते, मागितले होते ४०. त्याहून सावकाश, फेरीला १२ सेकंद मागून पाहिले. वर्ग दुसऱ्या फेरीपासून सरकायला लागला आणि ४८ ऐवजी ४३ वर संपवलं. भाकरी कितीही मोठी केली तरी या वयात त्यापलीकडे लय धरून ठेवणं वर्गाला जमत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. २७ पैकी २० मुलं एकटी उभी राहून चार फेऱ्या सांभाळत होती, पाच जणांना जोडीदार लागत होता. दोघांना अजून जमलेलं नव्हतं. त्यातला एक निम्मे दिवस गैरहजर होता, दुसऱ्याचं कारण मला सापडलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अक्षराची टाळी जूनपासूनच दोन बोटांची ठेवेन. पहिलीत आलेल्या मुलाला टाळीचा पहिला अर्थ जो शिकवू तो चिकटतो, आणि तो सोडवण्यात माझे दोन आठवडे गेले. अंगणवाडीतही अक्षरं टाळीवरच घेतात. त्यामुळे ताईंशी आधी बोलून घेतलं असतं तर आणखी सोपं झालं असतं.

रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी करेन. वर्गात उभं असताना सगळं नुसतं पळताना ऐकू येतं. ओळीच्या टोकाचा हिसका मला रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकताना सापडला, वर्गात तो कधीच सापडला नसता.

एक गोष्ट मी केली आणि वर सांगितली नाही. चौथ्या आठवड्यात मुली विरुद्ध मुलगे अशी चढाओढ लावली, कोणाचा ठोका पक्का म्हणून. पाच मिनिटांत दोन्ही गट १०च्या लयीवरून साडेसहाच्या घरात पोचले. चढाओढ म्हटलं की सहा वर्षांच्या मुलाला एकच अर्थ कळतो, आधी संपवणं. पुढचा पूर्ण तास ती लय खाली आणण्यात गेला.

एका निर्णयाबद्दल मी अजूनही साशंक आहे. एका अक्षराला एक ठोका अशा ओळींपासून सुरुवात करायचा जो सल्ला मी बाजूला ठेवला, तो दोन दिवस ऐकला असता तर घाबरून थांबणारा तो मुलगा कदाचित थांबला नसता. यंदा नवीन पहिली आली आहे, पट २४. पहिले चार दिवस त्या बाईंच्या पद्धतीने घेतले. पाचव्या दिवशी कावळा आणला. पुढच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, "बाई, दोन बोटांची का अख्खी?"